जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी: राजारामपुरीतील एका घराच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५

राजारामपुरीत आत्यांच्या घरी टीपी-लिंकचा आर्चर सी७ हा जुना राउटर अजून चालू आहे. घराला स्थानिक सेवादाराची ५० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे आणि वेगाबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की, घरातील कोणाच्याही फोनमधून फोटो वर चढू लागले की आतेभावाचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळतो. दुसरी अडचण कोणाला दिसत नाही, पण मला ती अधिक गंभीर वाटते. या राउटरसाठी कंपनीच्या संकेतस्थळावर असलेले शेवटचे फर्मवेअर काही वर्षांपूर्वीचे आहे आणि पुढे नवे येण्याची शक्यता नाही.

या दोन्ही कारणांसाठी त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्तस्रोत फर्मवेअर बसवता येईल का, हे तपासायचे ठरले. हा प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा स्रोत लिनक्सच्या परवान्यामुळे खुला करावा लागला होता, त्यावर तो उभा राहिला आणि नावातील अक्षरेही तिथूनच आली. फर्मवेअर म्हणजे राउटरच्या फ्लॅश मेमरीत असलेली संपूर्ण कार्यप्रणाली. ती बदलणे हे संगणकात एखादे अॅप टाकण्यासारखे नाही, त्यामुळे आज फक्त ओळख पटवण्याचे काम केले.

मॉडेलचे नाव एवढी ओळख पुरेशी नसते. राउटर उलटा केल्यावर खालच्या लेबलवर `Ver:2.0` असे छापलेले सापडले आणि खरी माहिती तीच आहे. एकाच 'आर्चर सी७' नावाखाली कंपनीने वेगवेगळ्या काळात वेगवेगळे हार्डवेअर विकले. पहिल्या आवृत्तीतील ५ गिगाहर्ट्झच्या वायफाय चिपला लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये आधारच नाही, त्यामुळे तिच्यावर ओपनडब्ल्यूआरटी बसले तरी ५ गिगाहर्ट्झचे वायफाय मिळत नाही. पाचव्या आवृत्तीत मुख्य चिपच वेगळी आहे. आपल्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची क्यूसीए९५५८ चिप, १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या हल्लीच्या आवृत्त्यांसाठी किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम हवी असे मानले जाते, त्यामुळे इथे जागा पुरते. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेला राउटर असता, तर मी इथेच थांबलो असतो. अशा उपकरणावर जुनी, आधार संपलेली आवृत्तीच बसवावी लागते आणि मग सुरक्षेचा मूळ हेतूच उरत नाही.

१३ जुलै २०२५

आतेभावाने सरळ प्रश्न विचारला, "हे बिघडलं तर परत पहिल्यासारखं होतंय का?" नवशिक्याने काम सुरू करण्यापूर्वी विचारावा असा हाच प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहून ठेवतो.

राउटरच्या फ्लॅशचे ठरावीक भाग पाडलेले असतात. सर्वांत आधी १२८ केबीचा बूटलोडर असतो. वीज आल्यावर पहिल्यांदा तो चालतो आणि पुढची कार्यप्रणाली सुरू करतो. त्यानंतरचा सर्वांत मोठा भाग फर्मवेअरचा असतो. शेवटी ६४ केबीचा `art` नावाचा भाग असतो. त्यात त्या एकाच राउटरच्या रेडिओची कारखान्यात केलेली जुळवणी साठवलेली असते. ओपनडब्ल्यूआरटीची फाइल कंपनीच्या पानावरून चढवली की फक्त मधला भाग बदलतो. पहिल्या आणि शेवटच्या भागाला हात लागत नाही. त्यामुळे लिहिणे चालू असताना वीज गेली तर फर्मवेअर अर्धवट राहते आणि राउटर सुरू होत नाही, पण बूटलोडर शाबूत असल्याने नवे फर्मवेअर पुन्हा देता येते. खरा धोका बूटलोडर किंवा `art` खोडले जाण्याचा आहे. बूटलोडर गेला तर राउटर उघडून चिपवर प्रोग्रामर लावण्याची वेळ येते. `art` गेला आणि त्याची प्रत नसेल, तर दुसऱ्या राउटरची प्रत टाकून वायफाय नीट चालत नाही.

कंपनीचे मूळ फर्मवेअर परत टाकतानाही एक मेख आहे. टीपी-लिंकच्या ज्या फाइलच्या नावात `boot` हा शब्द असतो, तिच्यात फर्मवेअरच्या आधी बूटलोडरही असतो. ती फाइल ओपनडब्ल्यूआरटीमधून जशीच्या तशी फर्मवेअरच्या भागात लिहिली, तर सुरुवातीला चुकीचा मजकूर बसतो आणि राउटर सुरू होत नाही. म्हणून तिचा पुढचा तुकडा आधी कापून टाकतात:

```
dd if=mool.bin of=parat.bin skip=257 bs=512
```

यात ५१२ बाइटचे २५७ ठोकळे, म्हणजे हेडर आणि बूटलोडर मिळून १,३१,५८४ बाइट, वगळले जातात. अशी कापलेली फाइल आजच तयार करून लॅपटॉपवर ठेवली. परतीची फाइल आधी आणि नवी नंतर, हा क्रम मी पाळतो. कारण राउटर बंद पडलेला असतो तेव्हा घरात इंटरनेटही नसते.

१९ जुलै २०२५

आज परतीचा रस्ता खरोखर चालतो का, याची रंगीत तालीम केली. एकही बाइट न लिहिता ती करता येते, म्हणून ती वगळण्याचे कारण नाही.

या राउटरच्या बूटलोडरमध्ये टीएफटीपीची, म्हणजे केबलवरून संगणकाकडून फाइल मागवण्याची, सोय आहे. मागचे `WPS/Reset` बटण दाबून धरून वीज चालू केली की तो नेहमीप्रमाणे सुरू न होता स्वतः 192.168.0.86 हा पत्ता घेतो आणि 192.168.0.66 या पत्त्यावरच्या संगणकाकडे `ArcherC7v2_tp_recovery.bin` या नेमक्या नावाची फाइल मागतो. नावातले एक अक्षर बदलले तरी फाइल मिळत नाही. लॅपटॉपला तो पत्ता देऊन केवळ मागणी येते का, एवढेच पाहिले:

```
sudo ip addr add 192.168.0.66/24 dev enp3s0
sudo tcpdump -ni enp3s0 udp port 69
```

बटण दाबून वीज दिल्यावर काही सेकंदांत पडद्यावर त्या फाइलच्या नावासह वाचनाची मागणी दिसली. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर चालू नव्हता, त्यामुळे काहीही दिले गेले नाही. वीज बंद करून पुन्हा चालू केल्यावर राउटर पूर्वीसारखाच सुरू झाला. बूटलोडर जिवंत आहे, बटण काम देते आणि केबल योग्य खाचेत आहे, या तिन्ही गोष्टी यातून एकदम सिद्ध झाल्या.

मधे एक साधा नेटवर्क स्विच ठेवला होता, तो मुद्दाम. राउटर थेट लॅपटॉपला जोडला तर वीज बंद-चालू होताना लॅपटॉपचा पोर्टही पडतो, आणि तो पुन्हा उभा राहून पत्ता धरेपर्यंत बूटलोडरची मागणी संपलेली असू शकते. 'टीएफटीपी चालत नाही' अशा तक्रारींपैकी कित्येकांचे मूळ इतक्या साध्या ठिकाणी असते. वायफाय बंद ठेवणे आणि संगणकाची फायरवॉल तात्पुरती उतरवणे, हेही त्याच कारणासाठी.

मूळ फर्मवेअरच्या पानावरून तीन गोष्टी कागदावर उतरवून घेतल्या: पीपीपीओई या सेवादाराकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचे वापरकर्तानाव, त्याचा पासवर्ड आणि WAN म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा मॅक पत्ता, म्हणजे त्या पोर्टचा ओळखक्रमांक. पासवर्ड पानावर ठिपक्यांत दिसत असल्याने तो सेवादाराच्या केबलवाल्याकडून विचारून घेतला. मॅक पत्ता कशासाठी, ते पुढच्या नोंदीत येईल.

२० जुलै २०२५

सकाळपासून पावसाची झड होती आणि अशा दिवसांत विजेचा भरवसा नसतो, म्हणून राउटर व लॅपटॉप दोन्ही संगणकाच्या यूपीएसवर घेतले. घरचा इन्व्हर्टर या कामाला पुरेसा नाही. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस वापरायचा असेल तर तो १२ व्होल्टला २.५ अँपिअर देतो का, हे पाहावे. या राउटरच्या अॅडॅप्टरवर तोच आकडा आहे.

फाइल निवडताना शेवटचा शब्द वाचणे महत्त्वाचे असते. नावात `factory` असलेली फाइल कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाण्यासाठी असते, आणि `sysupgrade` असलेली फाइल ओपनडब्ल्यूआरटी आधीच बसलेले असताना पुढच्या आवृत्तीसाठी. या मॉडेलसाठी `factory` प्रकारातही साधी, `eu` आणि `us` अशा फाइली आहेत. लेबलवर मॉडेलच्या पुढे कंसात प्रदेशाची खूण असेल तर तिच्याशी जुळणारी घ्यावी. चुकीच्या प्रदेशाची फाइल कंपनीचे पान त्रुटी दाखवून नाकारते. नाकारले तर ते चांगलेच, कारण तोपर्यंत काहीही लिहिलेले नसते.

आपण घेतलेली फाइल ही: `openwrt-24.10.2-ath79-generic-tplink_archer-c7-v2-squashfs-factory.bin`. तिच्यासोबत प्रत्येक फाइलची तपासणीची बेरीज असलेली `sha256sums` ही फाइलही उतरवून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ताडून पाहिल्या:

```
sha256sum -c sha256sums --ignore-missing
```

नावापुढे `OK` आल्यावरच पुढे गेलो. मग फाइलचे नाव बदलून नुसते `factory.bin` केले, कारण कंपनीचे जुने पान लांब नाव स्वीकारत नाही. तपासणी नाव बदलण्याच्या आधी करायची, कारण ती नावावरूनच फाइल शोधते.

केबल LAN खाचेत, वायफाय बंद, आणि `System Tools` मधील `Firmware Upgrade` या पानावरून फाइल दिली. पानावरची पट्टी पुढे सरकून थांबली, राउटर स्वतः पुन्हा सुरू झाला आणि मग ब्राउझरचे पान मिळेनासे झाले. नवखा माणूस इथे घाबरून वीज बंद करतो. ते अजिबात करू नये. ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता 192.168.1.1 आहे आणि जुन्या फर्मवेअरचा 192.168.0.1 होता, एवढाच तो फरक आहे. पहिल्या वेळी फ्लॅशचा मोकळा भाग तयार होत असल्याने थोडा जास्त वेळही लागतो. पाच मिनिटे थांबून लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावली, त्याला नवा पत्ता मिळाला आणि नियंत्रणाचे पान उघडले.

वायफाय दिसत नव्हते. तेही अपेक्षितच होते. पासवर्ड नसलेले वायफाय आपोआप चालू होऊ नये म्हणून ओपनडब्ल्यूआरटी ते बंद ठेवते. सुरुवातीला `root` लाही पासवर्ड नसतो, म्हणून पहिले काम तो ठेवण्याचे केले आणि त्यानंतरच WAN ची केबल लावली. वायफाय चालू करताना देश `IN` निवडला. वाहिन्या आणि प्रक्षेपणाची शक्ती त्यावरून ठरते. 'जास्त पल्ला मिळतो' म्हणून दुसरा देश निवडण्याचा सल्ला कोणी देतो, तो नियमबाह्य असल्याने ऐकू नये.

पीपीपीओईची माहिती भरली, पण जोडणी होईना. अशा वेळी अंदाज न बांधता नोंदी वाचाव्यात:

```
logread | grep pppd
```

तिथे `Timeout waiting for PADO packets` असे दिसले. याचा अर्थ पलीकडून उत्तरच येत नाही. नाव किंवा पासवर्ड चुकला असता तर उत्तर येऊन `authentication failed` दिसले असते. अनेक स्थानिक सेवादार खाते एका मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात, आणि नवे फर्मवेअर WAN ला वेगळा मॅक पत्ता देऊ शकते. कालच्या कागदावरचा पत्ता WAN च्या डिव्हाइसला दिला आणि जोडणी लगेच लागली. तो कागद नसता तर केबलवाल्याला फोन करून रविवार घालवावा लागला असता.

इथे फायबरचा डबा ब्रिज पद्धतीने चालतो, म्हणजे तो स्वतः राउटरचे काम करत नाही, त्यामुळे पत्त्यांची टक्कर झाली नाही. तुमचा डबाच राउटरचे काम करत असेल आणि त्याचाही पत्ता 192.168.1.1 असेल, तर केबल लावण्यापूर्वी ओपनडब्ल्यूआरटीचा LAN पत्ता 192.168.10.1 असा वेगळा करावा.

दिवस संपण्यापूर्वी `art` ची प्रत घेतली. आधी तो भाग कोणत्या क्रमांकावर आहे ते पाहिले, कारण क्रमांक दुसऱ्या राउटरवर वेगळा असतो:

```
grep art /proc/mtd
cat /dev/mtd5 > /tmp/art.bin
```

आणि मग लॅपटॉपवरून ती ओढून घेतली:

```
scp -O root@192.168.1.1:/tmp/art.bin .
```

`-O` यासाठी की नवीन लिनक्समधील `scp` आता दुसऱ्या पद्धतीने बोलते आणि राउटरवर ती पद्धत नसते. फाइल बरोबर ६५,५३६ बाइटची आहे, हे पाहून ती पेन ड्राइव्हवर ठेवली.

२६ जुलै २०२५

आज आतेभावाची मूळ तक्रार घेतली. लॅपटॉपवरून `ping 8.8.8.8` चालू ठेवून एका फोनवरून मोठा व्हिडिओ वर चढवला. शांत असताना ९ मिलिसेकंद असलेला वेळ चढाईदरम्यान १८० च्या आसपास गेला. वेग पुरेसा असूनही कॉल अडखळतो तो यामुळे. सेवादाराच्या यंत्रात डेटाच्या पाकिटांची लांब रांग साचते आणि कॉलचे लहान पाकीटही त्या रांगेच्या शेवटी उभे राहते.

यावरचा उपाय म्हणजे रांग आपल्या राउटरमध्ये आणणे, म्हणजे तिथे तिची शिस्त आपल्या हाती राहते. त्यासाठी आपण मुद्दाम मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी वेग ठरवायचा, म्हणजे पलीकडे रांग तयारच होत नाही. रांगेला शिस्त लावणारे एसक्यूएम हे पॅकेज बसवले:

```
opkg update
opkg install luci-app-sqm
```

वेगमापनात उतरता वेग ४७ आणि चढता ४६ एमबीपीएस मिळाला होता. त्याचे ९० टक्के म्हणजे ४२.३ आणि ४१.४, हे पान केबीपीएस मागते, म्हणून 42300 आणि 41400 भरले. इंटरफेस `pppoe-wan`, रांगेची पद्धत `cake`, स्क्रिप्ट `piece_of_cake.qos`, आणि प्रत्येक पाकिटामागच्या वाढीव बाइटसाठी 44 हा आकडा ठेवला. तीच चाचणी पुन्हा केल्यावर पिंग १३ ते १६ मिलिसेकंदांत राहिला. त्यानंतर आतेभावाचा कॉल चालू असतानाच आत्यांच्या फोनवरून लग्नाचे फोटो चढत होते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

वेग सुमारे १० टक्के कमी झाला, ही याची उघड किंमत आहे. दुसरी किंमत अजून इथे दिसत नाही. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये पाकिटे पुढे सरकवण्याचे काम हार्डवेअरमधील वेगळी यंत्रणा करते. ओपनडब्ल्यूआरटीत या चिपसाठी ते काम मुख्य प्रोसेसर करतो, आणि तो ७२० मेगाहर्ट्झचा आहे. रांगेची शिस्तही त्याच्यावरच पडते. ५० एमबीपीएसला तो आरामात पुरतो. आत्यांनी उद्या ३०० एमबीपीएसची योजना घेतली, तर हा राउटर एसक्यूएमसह तो वेग देणार नाही. त्या वेळी एसक्यूएम बंद करावे लागेल किंवा उपकरण बदलावे लागेल. ज्यांची जोडणी आजच इतकी वेगवान आहे आणि तक्रार काही नाही, त्यांना हा बदल केल्यावर राउटर मंद झाल्यासारखा वाटेल, आणि ते खरेच असेल.

तो वेग प्रत्यक्षात कुठे अडतो हे पाहायचे असेल, तर वेगमापन चालू असताना राउटरवर `top` उघडून `sirq` चा आकडा पाहावा. तो शंभरीकडे गेला की अडसर राउटरचा आहे, सेवादाराचा नव्हे.

४ ऑक्टोबर २०२५

२४.१० मालिकेतील पुढची दुरुस्ती आवृत्ती आली होती, ती बसवली. हे काम आपोआप होत नाही, आणि मुक्तस्रोत फर्मवेअर घेणाऱ्याने हे आधीच मान्य करायला हवे. जानेवारी २०२१ मध्ये डीएनएसमॅस्क या राउटरांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत सात त्रुटी उघड झाल्या आणि २.८३ या आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या. ज्यांचे फर्मवेअर त्यानंतर बदलले नाही, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोचली नाही. ओपनडब्ल्यूआरटी बसवूनही पुढची आवृत्ती कधीच न टाकणारा माणूस काही काळाने त्याच जागी येतो.

या वेळी `sysupgrade` फाइल घेतली, बेरीज ताडली आणि `System` मधील `Backup / Flash Firmware` या पानावरून सेटिंग राखण्याची खूण ठेवून ती दिली. वायफाय, पीपीपीओई आणि मॅक पत्ता टिकले, पण एसक्यूएमचे पान गायब झाले. नंतर बसवलेली पॅकेजेस नव्या आवृत्तीत जात नाहीत, फक्त त्यांच्या सेटिंग फाइली राहतात. पॅकेज पुन्हा बसवल्यावर 42300 आणि 41400 हे आकडे जसेच्या तसे परत दिसले. `opkg upgrade` ने सगळी पॅकेजेस एकदम वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. नवी प्रत मोकळ्या भागात जुन्याच्या वर साठते, जागा संपते, आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या पॅकेजांमुळे राउटर मध्येच अडकतो.

आतेभावासाठी राउटरच्या डब्यात एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर आवृत्ती, LAN चा पत्ता, WAN चा मॅक पत्ता, एसक्यूएमचे दोन आकडे आणि परतीच्या फाइलचे ते नेमके नाव लिहिले आहे. पेन ड्राइव्हही त्याच डब्यात आहे. त्यात `art.bin`, कापलेले मूळ फर्मवेअर आणि आज वापरलेली `sysupgrade` फाइल आहे. पुढची आवृत्ती येईल तेव्हा तो ती स्वतः बसवणार आहे आणि मी फक्त फोनवर असेन.